नागपूरची साडी पुण्याला गेली : चुकीचं पार्सल पोचल्यावर आधी कपाट मोजा

गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी नागपूरच्या एका ताईंचा मेसेज आला. "मी अंजिरी मागवली होती, ही पोपटी आली आहे. रविवारी माझ्या बहिणीचं डोहाळजेवण आहे." सोबत एक फोटो. त्यात पलंगावर उलगडलेली पोपटी महेश्वरी आणि तिच्यावर ऊन.

आम्ही इंदूरला घरूनच महेश्वरी साड्या विकतो. मी आणि माझी नणंद, मदतीला पॅकिंग करणारा एक मुलगा. दिवसाला बारा-पंधरा पार्सलं जातात. चुकीचा माल जाण्याचा प्रकार आमच्याकडे दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायचाच. दर वेळी आमचं ठरलेलं असायचं, आधी त्या पोरावर ओरडायचं, मग कुरियरला फोन लावायचा, मग ताईंची माफी मागायची. हा क्रम साफ चुकीचा आहे, हे मला या प्रसंगात कळलं. ज्यांच्याकडे असाच छोटा धंदा आहे त्यांच्यासाठी पूर्ण हकीकत लिहिते.

आधी कपाट, मग फोन

साडी चुकीची पोचली एवढंच ताईंना दिसतं. चूक कुठे झाली हे आपल्याला शोधायचं असतं, कारण प्रत्येक चुकीवरचा उपाय वेगळा असतो. त्यासाठी कपाटातले दोनच कोड मोजायचे. मागवलेल्या साडीचा एक आणि पोचलेल्या साडीचा एक. आमच्याकडे अंजिरी, चटाई काठाची साडी म्हणजे MS-214 आणि पोपटी, बुगडी काठाची MS-231.

मोजल्यावर तीनपैकी एक काहीतरी निघतं. पहिली शक्यता अशी की वहीपेक्षा अंजिरी एक जास्त आहे आणि पोपटी एक कमी. म्हणजे कपाटातून काढतानाच हात चुकला. ही सर्वांत साधी चूक. एकच गिऱ्हाईक अडकलेलं असतं आणि त्यांची खरी साडी आपल्याकडेच पडलेली असते.

दुसरी शक्यता, दोन्ही कोड वहीशी तंतोतंत जुळतात. अशा वेळी माणसाला वाटतं की आपलं काही चुकलेलं नाही, ताईच काहीतरी घोळ करत असतील. खरी धोक्याची खूण हीच. दोन्ही साड्या कपाटातून बरोबर निघाल्या, पिशवीत बरोबर गेल्या आणि वरची लेबलं अदलाबदल झाली. म्हणजे आज एका ताईंची तक्रार आली असली तरी दुसरं चुकीचं पार्सल या क्षणी कुठल्या तरी गाडीत आहे.

तिसरी शक्यताही जुळणाऱ्या वहीचीच, पण तिथे साडीला लावलेल्या चिठ्ठीवरचा कोड ऑर्डरशी जुळतो आणि तरी रंग वेगळा असतो. म्हणजे वेबसाइटवर त्या कोडाखाली फोटोच दुसरा चढवला आहे. हे निघालं तर आधी ती साडी विक्रीतून बंद करा आणि त्या कोडाच्या चालू ऑर्डरी थांबवा. नाहीतर एक पार्सल परत येईपर्यंत तशीच आणखी चार निघून जातील.

आमचा पॅकिंगवाला मुलगा तेव्हा रडवेला होऊन म्हणत होता, "भाभी, मैंने तो दोनों सही डाली थी." मोजणी केल्यावर कळलं की तो खरं बोलत होता. दोन्ही कोड जुळत होते.

खात्रीसाठी ताईंना तीन फोटो मागितले : पिशवीवरचं लेबल, साडीच्या काठाला टाचलेली कोडची चिठ्ठी आणि आत ठेवलेलं बिल. लेबलवर ताईंचंच नाव, चिठ्ठीवर MS-231 आणि बिल पुण्याच्या एका काकूंचं. संशयाला जागाच उरली नाही. एक गोष्ट इथे सांगून ठेवते. त्या बिलावर काकूंचा पत्ता आणि मोबाइल नंबर होता, आणि तो एका अनोळखी घरात जाऊन पोचला होता. ताईंना विनंती केली की फोटोत फक्त नाव येऊ द्या, बाकीवर बोट ठेवा, आणि बिल परत पिशवीत घाला. त्या दिवसापासून आम्ही आतल्या बिलावर फोन नंबर छापत नाही.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा असा हट्ट बरेच विक्रेते धरतात. मला तो पटत नाही. साडी मागवणारी बाई कॅमेरा लावून पिशवी फाडत बसत नाही, आणि लेबल, चिठ्ठी व बिल या तीन फोटोंतून जे कळतं ते व्हिडिओतून कळतंच असं नाही. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याखालचे 2020 चे ई-कॉमर्स नियम स्पष्ट आहेत. ठरल्यापेक्षा वेगळा माल गेला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. "व्हिडिओ नाही तर परतावा नाही" असं वेबसाइटवर लिहिलं म्हणून ती जबाबदारी टळत नाही.

दुसरं पार्सल थांबवणं

पुण्याच्या काकूंचं पार्सल कुठे आहे ते पाहिलं तर ते सकाळीच पुण्यातल्या हबवर उतरलं होतं. डिलिव्हरीला निघायचं होतं. इथे तासाभरात हालचाल केली तर बरंच वाचतं. पार्सल दारात स्वीकारलं गेलं की ते परत आणायला उलट पिकअप लावावा लागतो. दारातूनच नाकारलं गेलं तर ते आपोआप परतीच्या वाटेला लागतं. कुरियरवाले त्याला आरटीओ म्हणतात. परतीचे पैसे आपल्याला पडतात, पण काकूंना घरी कुणाची वाट पाहत बसावं लागत नाही.

काकूंना लगेच फोन केला. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे मी जरा अडखळत सुरुवात केली. "काकू, आज किंवा उद्या तुमच्याकडे एक पार्सल येईल. लेबल तुमचं आहे पण आत साडी दुसऱ्या कुणाची आहे, आमची लेबलं बदलली. ते घेऊ नका, डिलिव्हरीवाल्याला नको म्हणा." काकू हसल्या. "अगं, फोन केलास ते बरं केलंस. नाहीतर मी अंजिरी पाहून म्हटलं असतं, चला, हीही बरी आहे!"

त्यांची ऑर्डर पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्यायची होती, त्यामुळे नाकारल्यावर काही द्यावं-घ्यावं लागलं नाही. पैसे आधी भरलेले असतील तर एक गोष्ट लगेच तपासा. काही वेबसाइटवर पार्सल परतीला लागलं की ऑर्डर आपोआप रद्द होते आणि रद्द झाल्याचा मेसेज गिऱ्हाइकाला जातो. आपण फोनवर "पाठवतोय" म्हणतो आणि मोबाइलवर "रद्द" येतं. त्यांनी कुणावर विश्वास ठेवायचा?

आता खरी अडचण. अंजिरीचा दुसरा नग कपाटात होता, पण पोपटी एकच होती. हातमागाच्या साडीत हे नेहमीचंच. काकूंची साडी नागपूरला होती आणि ती इंदूरला आल्याशिवाय पुण्याला जाणार नव्हती. ताईंनी ती थेट काकूंना पाठवावी असं नणंदेने सुचवलं. वरवर छान वाटतं, पण एका गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि मधे साडीला डाग पडला तर काकूंना आम्ही काय सांगणार? मी नाही म्हटलं. काकूंपुढे तीन गोष्टी ठेवल्या : आठ-नऊ दिवस थांबा, दुसरी साडी निवडा किंवा ऑर्डर रद्द करा. त्या थांबल्या. तारीख मोठी सांगितली हे मुद्दाम. पाच दिवस सांगून सात लागले तर दुसरी तक्रार येते. नऊ सांगून आठ लागले तर येत नाही.

आधी पाठवा, नंतर आणा

ताईंना साडी रविवारी नेसायची होती. पोपटी परत आल्याशिवाय अंजिरी पाठवायची नाही असं ठरवलं असतं तर सोमवारही उजाडला असता. म्हणून आमचा नियम असा आहे की चूक आमची असल्याचं फोटोंवरून दिसत असेल तर बरोबर माल त्याच दिवशी निघतो. अपवाद दोनच. साडी आठ हजारांच्या वरची असेल तर पिकअप झाल्याचा कुरियरचा मेसेज आल्यावर पाठवतो, आणि त्याच पत्त्यावरून तशीच तक्रार तिसऱ्यांदा आली असेल तर आधी माल हातात घेतो. आजवर या नियमाने आम्ही एक साडी गमावली आहे. वेळेवर न पोचल्यामुळे गमावलेली गिऱ्हाइकं मात्र मोजता येणार नाहीत.

आता पाठवायची कशी? आमच्या कुरियरची गाडी संध्याकाळी साडेपाचला येते, आणि मंगळवारी संध्याकाळी निघालेलं पार्सल नागपूरला गुरुवारी दुपारी मिळालं होतं. त्याच हिशेबाने आज दिलेलं शनिवारी पोचलं असतं, तेही सगळं सुरळीत झालं तर. शनिवारी ताई घरी नसल्या, कुणी फोन उचलला नाही, की रविवारी डिलिव्हरी बंद.

म्हणून रात्रीच्या बसने पाठवलं. इंदूरहून नागपूरला रात्री ट्रॅव्हल्सच्या बसेस जातात आणि त्या पार्सल घेतात. तीन इमलीकडच्या एका ऑफिसात जाऊन साडी दिली, हाताने लिहिलेली बिल्टी घेतली, तिचा फोटो आणि बसमधल्या माणसाचा नंबर ताईंना पाठवला. या वाटेची मर्यादा माहीत असावी. बस घरपोच देत नाही, तिच्या ऑफिसातून जाऊन आणावं लागतं. ट्रॅकिंग नसतं, हरवलं तर बिल्टीशिवाय हातात काही नसतं. म्हणून आधी ताईंना विचारलं, कुणी जाऊ शकेल का. त्यांचे दीर शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाता जाता घेऊन आले. साडेनऊला फोटो आला, अंजिरीचा.

बदली पार्सल कुरियरनेच पाठवणार असाल तर लेबल काढताना एक खूण दोनदा तपासा : पैसे घ्यायचे की नाही. जुनी ऑर्डर कॉपी करून नवं लेबल काढलं की जुन्यातली डिलिव्हरीवर पैसे घ्यायची खूणही सोबत येते. मागच्या दिवाळीत आमच्याकडून हे झालं होतं. आधीच चुकीची साडी मिळालेल्या, पैसे देऊन बसलेल्या बाईंच्या दारात पोऱ्या उभा राहून पुन्हा 3,450 रुपये मागत होता. त्यांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यांचं काही चुकलंही नव्हतं.

बिलाचं म्हणाल तर नवं बिल फाडू नका. मूळ बिल अंजिरीचंच होतं आणि विक्रीही अंजिरीचीच झाली, फक्त पिशवीत वेगळं गेलं. मूळ बिलाची प्रत आणि "चुकून गेलेल्या मालाच्या बदल्यात, वेगळी रक्कम नाही" असं लिहिलेलं डिलिव्हरी चलन सोबत ठेवतो. नवं बिल केलं की एकाच साडीवर दोनदा जीएसटी दिसतो आणि महिन्याच्या शेवटी सीए आपल्यालाच विचारतो. गिऱ्हाइकाने माल नको म्हणून पैसे परत घेतले तर गोष्ट वेगळी, तिथे क्रेडिट नोट लागते.

परतीच्या पिकअपला लागलेली ठेच

पोपटी परत आणण्यात आम्ही पुन्हा चुकलो. ही चूक बहुतेकांची होते, म्हणून सविस्तर सांगते.

गुरुवारीच मी ताईंच्या ऑर्डरवर जाऊन परतीची विनंती टाकली. शुक्रवारी दुपारी पिकअपचा मुलगा ताईंच्या घरी पोचला, साडी पाहिली आणि न घेताच निघून गेला. कारण मोबाइलवर आलं : "वस्तू जुळत नाही." मला वाटलं पोऱ्या आळशी आहे. पण त्याचं बरोबर होतं. तपासणीसह पिकअप लावला की त्याच्या ॲपमध्ये वस्तूचं नाव आणि फोटो येतो, आणि हातातली वस्तू तीच आहे का हे त्याला पाहावं लागतं. मी परतीची विनंती मूळ ऑर्डरवरून केली होती, त्यामुळे त्याच्या ॲपमध्ये अंजिरी साडी होती. आणि ताईंच्या हातात पोपटी! चुकीचा माल परत घेताना असं होणारच, कारण परत येणारी वस्तू म्हणजे नेमकी जी मागवली नव्हती ती.

म्हणून चुकीच्या मालाचा पिकअप लावताना वस्तूच्या जागी पोचलेल्या मालाचं नाव, कोड आणि फोटो घाला. फोटो ताईंनी पाठवलेलाच चालतो. सिस्टिम मूळ ऑर्डरची वस्तू बदलू देत नसेल तर नव्याने वेगळी परतीची नोंद करा किंवा तपासणीशिवायचा पिकअप निवडा. कमी किमतीच्या मालाला मी आता सरळ तपासणीशिवायचाच लावते. असे पिकअप दोन-तीनदा फसले की विनंती आपोआप बंद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं, त्यामुळे पहिलाच नीट लावणं बरं.

ताईंना आम्ही दोन गोष्टी करायला सांगितल्या. साडी आमच्याच पिशवीत घालून चिकटपट्टी लावायची, आणि जुन्या लेबलच्या बारकोडवर जाड पेनाने फुली मारायची किंवा वर कागद चिकटवायचा. हे न केल्यास हबवरचं यंत्र जुना बारकोड वाचतं, आणि पार्सल पुन्हा ताईंच्याच दारात हजर होतं. माझ्या मावसबहिणीच्या कुर्त्याचं असंच झालं होतं, तो कुर्ता तीनदा बडोद्याला जाऊन आला. पिकअपवाल्याकडून पावती किंवा मोबाइलवरचा मेसेज घ्या आणि तो आम्हाला पाठवा, एवढंही सांगितलं. साडी वाटेत हरवली तर ताईंनी ती दिली होती याचा तोच पुरावा.

ज्या पिनकोडवर परतीचा पिकअप मिळत नाही तिथे स्पीड पोस्टने पाठवायची विनंती करावी लागते. मी हा उपाय शेवटी ठेवते. चूक आपली आणि पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं गिऱ्हाइकाने, हे मनाला बरं वाटत नाही. तशी वेळ आलीच तर खर्चाचे पैसे त्यांच्या पावतीची वाट न पाहता आधीच पाठवून देते.

शनिवारी पिकअप झाला. मंगळवारी पोपटी इंदूरला आली. पिशवी उघडल्याबरोबर उदबत्तीचा वास आला आणि पदराच्या टोकाला कुंकवाचा अगदी लहान ठिपका होता. ताईंनी देवापुढे ठेवून पाहिली असणार. पण काकूंना ती कोरी म्हणून कशी देणार? ठिपका ओल्या कपड्याने निघाला. तरी काकूंना फोन करून सांगितलं की साडी उघडली गेली होती आणि पदराला कुंकू लागलं होतं, नको असेल तर आत्ताच सांगा. त्या म्हणाल्या, "कुंकू लागलं तर शुभच. पाठव." काकूंच्या या एका वाक्याने माझा दिवसभराचा शीण गेला खरा, पण प्रत्येक वेळी काकू भेटतील असं धरून चालू नका. परत आलेली साडी उजेडात पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय कपाटात ठेवायची नाही, आणि पाहिली जात नाही तोवर वहीत तिची नोंद करायची नाही. मंगळवारी संध्याकाळी निघाली, शुक्रवारी पुण्याला पोचली. पहिल्या फोनपासून आठवा दिवस.

लेबलं बदलली कशी

मुलाने त्या दिवशी बाराही लेबलं एकदम छापून टेबलावर रांगेने मांडली होती. पंख्याने दोन सरकली, त्याने परत ठेवली, जागा बदलून. एवढंच झालं होतं. आमचा वजनाचा काटाही इथे उपयोगी पडला नाही, कारण दोन्ही साड्या महेश्वरीच, वजनात फरक असा नाहीच. काट्यावर साडी आणि ड्रेस मटेरियलची अदलाबदल पकडता येते, एकाच जातीच्या दोन साड्यांची नाही.

आता लेबल एका वेळी एकच छापतो. साडी पिशवीत गेली, बिल गेलं, लेबल छापलं, चिकटवलं, मग पुढची साडी कपाटातून बाहेर. प्रत्येक पार्सलमागे जवळपास मिनिटभर जास्त लागतं आणि त्यावरून तो मुलगा अजूनही कुरकुरतो. पिशवी बंद करण्याआधी काठ दिसेल अशी साडी, कोडची चिठ्ठी आणि लेबल यांचा एक फोटो मोबाइलवर काढतो. काठ दिसायलाच हवा, कारण घडी घातल्यावर अंगाचा रंग तेवढा दिसतो आणि त्याच रंगात आमच्याकडे चटाईही आहे, बुगडीही. आणि संध्याकाळी गाडी यायच्या आधी नणंद त्या दिवशी गेलेल्या कोडांची कपाटात मोजणी करते. लेबलांची अदलाबदल त्यात सापडत नाही, पण हात चुकून निघालेली साडी सापडते, आणि ती पार्सलं टेबलावर असतानाच सापडते.